पडद्यावरच्या उभ्या रेषा: दोष काचेत की केबलमध्ये?

लॅपटॉप पलंगावरून घसरतो, फूट-दीड फुटावरून खाली येतो. उचलून पाहावं तर काच शाबूत, बिजागरी शाबूत, मशीन सुरूही होतं. फक्त पडद्याच्या एका बाजूला वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ आलेली असते, कधी तिच्या शेजारी गुलाबी, निळी अशा आणखी दोन-चार. बाकी चित्र अगदी स्वच्छ. मग पहिला अंदाज बहुतेक जण एकच बांधतात: काच फुटलेली नाही, म्हणजे आतली केबल सैल झाली असणार. हा अंदाज सोयीचाही असतो, कारण केबल स्वस्त आणि पॅनेल महाग. पण बारीक, स्थिर, रंगीत उभ्या रेषेच्या बाबतीत तो बहुतेक वेळा चुकतो. का चुकतो हे समजून घ्यायचं तर चित्र पडद्यापर्यंत कोणत्या वाटेनं येतं ते आधी पाहावं लागेल.

लॅपटॉपच्या खालच्या भागात मदरबोर्ड असतो. तिथली ग्राफिक्स चिप चित्र तयार करते. ते एका बारीक तारांच्या केबलमधून, बिजागरीच्या पोकळीतून वर जातं आणि पडद्याच्या मागे, खालच्या कडेला असलेल्या एका कनेक्टरमध्ये शिरतं. दुकानातले कारागीर या केबलला आजही सर्रास ‘एलव्हीडीएस केबल’ म्हणतात. ते जुन्या पद्धतीचं नाव आहे. गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये त्या जागी ईडीपी नावाची पद्धत आली आहे. साध्या फुल एचडी पडद्याला सहसा 30 पिनांचा कनेक्टर असतो, टचस्क्रीन किंवा अधिक वेगाच्या पडद्यांना 40 पिनांचा.

कनेक्टरच्या मागे पट्टीसारखं एक अरुंद सर्किट बोर्ड असतं. त्यावरची टी-कॉन नावाची चिप केबलमधून आलेली माहिती उलगडते आणि कोणत्या ठिपक्याला किती उजेड द्यायचा ते ठरवते. इथून पुढे वाट एकदम फुटते. फुल एचडी पडद्यावर आडवे 1920 ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन उभे भाग. म्हणजे पडद्याच्या रुंदीत 5760 उभे स्तंभ झाले. या प्रत्येक स्तंभाला काचेवर कोरलेली स्वतःची एक स्वतंत्र वाहिनी असते, आणि तिला वीज पुरवणाऱ्या चिप पडद्याच्या कडेला, बहुतेक लॅपटॉपमध्ये खालच्या कडेला, लवचिक पातळ पट्ट्यांवर बसवलेल्या असतात. त्या पट्ट्या काचेला सोल्डरनं जोडलेल्या नसतात. वीज वाहून नेणारे सूक्ष्म कण असलेली एक चिकट फिल्म मध्ये ठेवून, उष्णता आणि दाब देऊन त्या काचेवर चिकटवलेल्या असतात. दुरुस्तीच्या भाषेत यालाच ‘बाँडिंग’ म्हणतात.

आता आकार पाहू. 15.6 इंची पडदा साधारण 344 मिलिमीटर रुंद असतो. त्याला 1920 नं भागलं तर एक ठिपका सुमारे 0.18 मिलिमीटरचा आणि त्यातला एका रंगाचा स्तंभ 0.06 मिलिमीटरचा येतो. खालच्या कडेला अशा हजारो जोडण्या शेजारी शेजारी दाटीनं बसलेल्या असतात आणि त्यांच्या खालची काच अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. लॅपटॉप कोपऱ्यावर आपटला की झाकण क्षणभर पिळलं जातं. काच तडकायला तेवढा पीळ पुरणार नाही, पण बाँडिंगमधली एखादी जोडणी सुटायला किंवा काचेच्या काठावरची एखादी वाहिनी तुटायला तो पुरेसा ठरतो. एक वाहिनी गेली की एक स्तंभ ताब्यातून सुटतो. तो कायम पेटून राहतो किंवा कायम विझून, आणि आपल्याला उभी रेघ दिसते.

रंग येतो तोही इथूनच. रेघ हिरवी दिसते कारण त्या ठिपक्यांमधला फक्त हिरवा भाग पेटून राहिला आहे, लाल आणि निळा अजून नीट चालू आहेत. हे घरीच पडताळून पाहता येतं. डेस्कटॉपचं चित्र काढून पार्श्वभूमी आधी पूर्ण काळी आणि मग पूर्ण पांढरी करावी. काळ्यावर ठळक दिसणारी हिरवी रेघ पांढऱ्यावर जवळजवळ नाहीशी झाली, तर तो हिरवा स्तंभ कायम पेटलेला आहे, कारण पांढऱ्या रंगात हिरवा तसाही पेटलेलाच असतो. उलट काळ्यावर काही दिसत नाही आणि पांढऱ्यावर गुलाबी रेघ उमटते, तर हिरवा स्तंभ विझलेला आहे. पांढऱ्यातून हिरवा वजा झाला की उरलेले लाल आणि निळा मिळून गुलाबी-जांभळट छटा देतात. तसंच लाल विझला तर पांढऱ्यावर आकाशी रेघ दिसते, निळा विझला तर पिवळी.

केबलवरचा संशय इथेच ढिला पडतो. केबलमध्ये 5760 तारा नसतात. चित्राची माहिती एकामागोमाग एक अशा प्रवाहात, एक-दोन किंवा फार तर चार जोड्यांमधून जाते. एका ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे एकाच जोडीतून, लागोपाठ येतात. पडद्यावर 1080 ओळी आहेत आणि चित्र सेकंदाला 60 वेळा नव्यानं पाठवलं जातं. म्हणजे केबलच्या दोषामुळे एकच हिरवी रेघ यायची असेल, तर सेकंदाला 64,800 वेळा नेमक्या त्याच ठिपक्याचा नेमका हिरवा आकडाच बिघडायला हवा आणि त्याच्या आगचं-मागचं सगळं सुखरूप पोचायला हवं. सैल तार इतकी नेम धरून बिघडत नाही.

मग केबल बिघडली तर काय दिसतं? सगळ्या पडद्यावर एकदम परिणाम होतो. चित्र थरथरतं, चमकतं, मध्येच काळं होऊन परत येतं, पूर्ण पडदाभर रंगीत ठिपक्यांचा पाऊस पडतो किंवा उजेड असूनही चित्र येतच नाही. जुन्या एलव्हीडीएस लॅपटॉपमध्ये एक जोडी तुटली की सगळ्या चित्राचे रंग बिघडतात, माणसांचे चेहरे फोटोच्या निगेटिव्हसारखे दिसू लागतात. याला एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. ईडीपीमध्ये दोन जोड्या असतील तर ठिपके त्यांच्यात आळीपाळीनं वाटले जातात, एक या जोडीत तर पुढचा दुसरीत. त्यातली एक जोडी डळमळली तर उभ्या रेषा केबलमुळेही दिसू शकतात. पण त्या एकाआड एक अशा, शर्टाच्या बारीक पट्ट्यांप्रमाणे पूर्ण रुंदीभर पसरलेल्या असतात आणि सहसा स्थिर नसतात. एका कोपऱ्यातली एकटी रेघ हे त्यांचं रूप नव्हे.

रेषेचा आकार आणखीही बरंच सांगतो. दोन-तीन बोटं रुंदीची सलग पट्टी काळी, पांढरी किंवा रेघारेघांची झाली असेल, तर एखादी चिप किंवा तिची अख्खी पट्टी सुटली असं समजावं. समजा खालच्या कडेला अशा सहा चिप आहेत. मग एकीच्या वाट्याला 320 ठिपके, म्हणजे जवळजवळ सहा सेंटिमीटर रुंदीचा भाग येतो. पट्टीच्या दोन्ही कडा फुटपट्टीनं आखल्यासारख्या सरळ असतील तर हे निदान पक्कं. दुसरी खूण म्हणजे अर्ध्यात सुरू होणारी रेघ. पडद्याच्या मधल्या एखाद्या बिंदूपासून वरच्या कडेपर्यंत रेघ आहे आणि त्याखाली त्याच सरळ रेषेत चित्र ठीक आहे, तर वाहिनी नेमकी त्या बिंदूशी तुटली आहे. खालून येणारी वीज तिथपर्यंत पोचते, पुढे पोचत नाही. असा दोष काचेवरच असू शकतो. लॅपटॉप बंद करून टॉर्चचा उजेड तिरपा पाडला, तर त्या बिंदूजवळ कधी केसासारखी तडा दिसते.

माझ्या भाच्याच्या लॅपटॉपचं हेच झालं होतं. वसतिगृहातल्या पलंगावरून तो अर्धवट उघड्या अवस्थेत खाली आला आणि डाव्या बिजागरीच्या कोपऱ्यावर आपटला. डाव्या कडेपासून चार बोटांवर एक हिरवी रेघ, तिच्या शेजारी काही फिकट गुलाबी. त्यानं स्वतःच थोडी तपासणी करून फोन केला. “मामा, एचडीएमआय लावून टीव्हीवर पाहिलं, तिथे एकदम क्लीन आहे. आणि झाकण हलवलं की रेघा कमी-जास्त होतात. म्हणजे केबलच गेली ना?”

त्याच्या दोन्ही निरीक्षणांत चूक नव्हती, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष घाईचा होता. टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं याचा अर्थ चित्र तयार करणारा भाग बहुधा ठीक आहे, एवढाच. बाहेरच्या टीव्हीला जाणारं चित्र लॅपटॉपच्या केबलमधूनही जात नाही आणि पॅनेलमधूनही जात नाही, त्यामुळे या दोघांतला दोषी कोण ते ही चाचणी सांगूच शकत नाही. स्क्रीनशॉटचंही तसंच. तो काढून फोनवर पाठवून पाहावा. रेघ त्यातही दिसली तर बिघाड सॉफ्टवेअरमध्ये किंवा ग्राफिक्समध्ये आहे. दिसली नाही तर पुढच्या वाटेवर कुठेतरी आहे. लॅपटॉप सुरू होताना `F2` किंवा कंपनीनं ठरवलेली दुसरी कळ दाबून बायोसमध्ये जावं. रेघ तिथेही त्याच जागी असेल तर विंडोज नव्यानं टाकण्याचा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नये.

झाकण हलवल्यावर रेघा बदलतात, ही खूण तर हमखास चकवते. झाकण एका हातानं, एका कोपऱ्याला धरून हलवलं की दोन गोष्टी एकाच वेळी होतात: बिजागरीतली केबल वाकते आणि पॅनेलही पिळलं जातं. रेघ कशामुळे बदलली ते त्यातून कळत नाही. म्हणून दोन्ही हालचाली वेगळ्या करायच्या. मी त्याला सांगितलं, झाकणाच्या दोन्ही बाजू दोन हातांनी सारख्या धर आणि पीळ न देता हळूहळू पुढे-मागे कर. रेघा जशाच्या तशा राहिल्या. मग झाकण स्थिर ठेवून खालच्या प्लॅस्टिक पट्टीवर, रेघा जिथून निघतात नेमक्या त्या जागेखाली, अंगठ्यानं अगदी हलका दाब द्यायला सांगितलं. काचेवर दाबायचं नाही, पट्टीवर, आणि तेही बेतानं. गुलाबी रेघा क्षणात गेल्या, अंगठा उचलताच परत आल्या. हिरवी हलली नाही. गुलाबी रेघांच्या जोडण्या सुटून टेकत होत्या आणि हिरवीची पूर्ण तुटली होती. दोन्ही दोष पॅनेलच्या खालच्या काठावरचे.

हा दाब निदानापुरताच द्यायचा. काही जण हीच युक्ती दुरुस्ती म्हणून वापरतात आणि पट्टीच्या आत कागदाची घडी किंवा टेप दाबून बसवतात. रेघ काही दिवस जाते. पण लॅपटॉप तापला की काच आणि पट्टी वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, जोडणी पुन्हा सुटते, आणि सततच्या दाबानं शेजारच्या जोडण्याही जायला लागतात. थंड असताना दिसणारी आणि तासाभरानं नाहीशी होणारी, किंवा याच्या उलट वागणारी रेघही याच प्रकारात मोडते. नव्यानं बाँडिंग करण्याची यंत्रं मोठ्या शहरांत टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांकडे असतात. मोठ्या टीव्हीच्या महागड्या पॅनेलला तो खर्च परवडतो. लॅपटॉपच्या पातळ, अरुंद कडांच्या पॅनेलवर मात्र तो सहसा परवडत नाही आणि टिकेलच अशी खात्रीही कुणी देत नाही.

काही लॅपटॉपमध्ये निदानाची अधिक नेमकी सोय असते. डेलच्या अनेक मॉडेलमध्ये मशीन बंद असताना `D` कळ दाबून धरायची आणि तशीच दाबलेली ठेवून पॉवरचं बटण दाबायचं. पडदा मग एकामागोमाग पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा होतो. हे रंग ग्राफिक्स चिपकडून आलेले नसतात, पॅनेलची टी-कॉन चिप ते स्वतः तयार करते. केबल तेव्हा फक्त वीज पुरवत असते, चित्र आणत नसते. म्हणून या रंगांमध्येही रेघ दिसली तर दोष पॅनेलचाच. रंग स्वच्छ आले आणि विंडोजमध्ये मात्र चित्र बिघडलं तर केबल, तिचे दोन्ही कनेक्टर किंवा मदरबोर्ड यांच्याकडे वळावं.

ज्या लॅपटॉपमध्ये ही सोय नाही तिथे सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे दुसरं चालू पॅनेल त्याच केबलला लावून पाहणं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात किंवा कोणत्याही चालत्या दुरुस्तीच्या दुकानात जुळणारं एखादं सुटं पॅनेल बहुधा सापडतं. भाच्याच्या बाबतीत दुकानदारानं तेच केलं. पडद्याभोवतीची चौकट काढून जुन्या केबलला दुकानातलं पॅनेल जोडलं आणि मशीन सुरू केलं. चित्र स्वच्छ आलं, एकही रेघ नाही. केबल निर्दोष ठरली.

हे काम घरी करून पाहायचा मोह होतो, पण तिथे एक धोका आहे. त्या 30 पिनांच्या कनेक्टरमध्ये चित्राच्या नाजूक तारांबरोबर पडद्यामागच्या दिव्यांची वीजही असते आणि तिचा दाब चित्राच्या तारांवरच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त असतो. लॅपटॉप नुसता शटडाउन केला तरी बॅटरी जोडलेलीच राहते. अशा वेळी कनेक्टर तिरका काढला किंवा तिरका बसवला तर शेजारच्या पिना एकमेकींना टेकतात, मदरबोर्डवरचा बारीक फ्यूज उडतो किंवा पॅनेल जळतं, आणि एका रेघेच्या जागी पूर्ण काळा पडदा पदरात पडतो. म्हणून चार्जर काढायचा, मागचं झाकण उघडून आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा आणि मगच पडद्याकडे वळायचं. कनेक्टरवर चिकटपट्टी असते ती सोलायची, धातूची कडी असेल तर उचलायची आणि कनेक्टर पॅनेलला समांतर ठेवून सरळ सरकवायचा. नव्या लॅपटॉपमध्ये पॅनेल स्क्रूऐवजी ताणून निघणाऱ्या चिकटपट्ट्यांवर बसवलेलं असतं. त्या ओढताना मध्येच तुटल्या तर पॅनेल उचकटावं लागतं आणि शाबूत काच तिथे फुटते. याचा सराव नसेल तर हे काम दुकानावरच सोपवावं.

पॅनेल बदलायचं ठरलं की लॅपटॉपच्या मॉडेलवरून मागवू नये. एकाच मॉडेलमध्ये कंपन्या वेगवेगळ्या कारखान्यांची पॅनेल बसवतात. जुनं पॅनेल काढून त्याच्या पाठीवरच्या लेबलवरचा नंबर पाहावा. तो `NV156FHM-N48` असा काहीसा असतो. त्यातल्या 156 वरून 15.6 इंच कळतं आणि FH वरून फुल एचडी. कनेक्टर 30 पिनांचा की 40 पिनांचा आणि तो कोणत्या बाजूला आहे, पॅनेलला स्क्रूसाठी कान आहेत की नाहीत, एवढं जुळलं पाहिजे. नवं पॅनेल आलं की पुढची संरक्षक फिल्म न काढता आधी नुसतं केबलला जोडून काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा असे पाचही रंग दाखवायला सांगावेत. फिल्म काढलेलं पॅनेल परत घ्यायला अनेक विक्रेते तयार नसतात.

आणि दुकानदार मशीन न उघडताच “आधी केबल बदलून बघू” म्हणाला, तर त्याला एकच विचारावं: रेघ एकाच जागी स्थिर आहे, बाकीचा पडदा स्वच्छ आहे, मग केबल का? याचं पटणारं उत्तर त्याच्याकडे असू शकतं. आपण सांगितलं नसेल असं थरथरणारं चित्र त्यानं पाहिलं असेल किंवा बिजागरीत चिरडलेली तार त्याला दिसली असेल. उत्तर नसेल तर केबलचे पैसे देण्याआधी दुसरं पॅनेल जोडून दाखवायला सांगावं.